आडपडदा न ठेवता दिलेला नकार

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. कुणाच्या नाकावरचा चष्मा तिरका दिसला की तिचे हात शिवशिवतात. डेटिंग अ‍ॅपवर जुळलेल्या माणसाला ती रविवारी पहिल्यांदा भेटली, तेव्हाही तेच झालं. तो नकाशे काढणारा, बिचारा इस्त्रीचा शर्ट घालून आलेला. कॉफी यायच्या आत हिने त्याचा चष्मा मागून घेतला आणि पर्समधल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने काडी घट्ट करायला बसली. स्क्रू निसटून टेबलाखाली गेला. वीस मिनिटं तो डोळे बारीक करून रिकाम्या खुर्चीला नद्यांबद्दल सांगत होता आणि ही खालून "हं, हं" करत होती.

सोमवारी सकाळी त्याचा मेसेज आला, "पुन्हा भेटू या?"

ताई चहा घेता घेता थांबली. "बोलायला काय मस्त आहे रे तो! पण मनात तसं काही हललं नाही."

मी या बाबतीत पक्का पळपुटा. म्हटलं, "कामाचा ताण आहे असं लिही. नाहीतर उत्तरच देऊ नकोस, आपोआप कळेल त्याला."

"आपोआप काही कळत नाही. माणूस फोन बघत बसतो."

तिने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. 'सध्या' हा शब्द काढला, कारण त्याने उगाच वाट पाहिली असती. मैत्रीच्या ओळीवर ती बराच वेळ अडली. "हे मलमपट्टी म्हणून लिहायचं नाही. मला खरंच हवी आहे त्याची मैत्री. आणि तो नाही म्हणाला तर?" तरीही ती ओळ तिने ठेवली.

शेवटी मेसेज गेला तो असा: "काल चष्म्याचा घोळ मी घातला, सॉरी. पण कारण ते नाही. तुझ्याशी बोलायला आवडलं, प्रेमाचं मात्र मला काही वाटलं नाही आणि तुला आशेवर ठेवायचं नाही. मित्र म्हणून भेटायला मनापासून आवडेल. ते नको असेल तर तसं सांग, किंवा काहीच सांगू नकोस. मी समजून घेईन."

मी ते दोनदा वाचलं. एवढ्याशा मजकुरात तिने स्वतःसाठी लपायला कुठेच जागा ठेवली नव्हती. लहानपणापासून जिची वेणी ओढत आलो, तिच्याकडे मी पहिल्यांदाच आदराने मान वर करून पाहिलं.

उत्तर दुपारी आलं. "स्पष्ट सांगितलंस, बरं वाटलं. मला तू आवडली आहेस, म्हणून मैत्री जमणार नाही. मी मनात आशा धरून बसेन. काळजी घे."

"अगं, समजाव त्याला!" मी म्हटलं.

"कशाला? मी खरं सांग म्हटलं, त्याने सांगितलं." तिने "कळलं. आभार." एवढंच पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. मग डोळे पुसत म्हणाली, "बघ ना, किती चांगला मित्र झाला असता."