वाकून म्हणायच्या विभक्त्या

सोपान मास्तरांना आवाज नव्हता. तरी ते गात. आमच्या पवनेकाठच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते, आणि सातवीत आम्ही चारजण. मी, गोविंदा, कोंडाजी आणि हिरी. सन चौतीस-पस्तीसची गोष्ट असेल. आदल्या साली सातवीतली सगळी पोरं व्याकरणात आपटली होती. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, जाताना बजावून गेले होते, "पुढच्या तपासणीतही हेच दिसलं, तर सातवीचा वर्ग बंद."

सातवी बंद म्हणजे पोरांनी डोंगर उतरून-चढून लोणावळ्याला जायचं. मास्तर स्वतः तसेच शिकले होते. हिरीला तर तिचा बाप कधीच पाठवणार नव्हता. मास्तरांना त्याच एका गोष्टीचा घोर लागला होता, आणि घोर लागला की माणूस काय करील याचा नेम नसतो. मास्तरांनी कवन रचलं.

पण शिकवायचं कुणाला? आवणी सुरू झाली आणि शाळा ओस पडली. आम्ही चौघंही भाताची रोपं लावायला खाचरात. मास्तरांनी धोतर खोचलं आणि तेही चिखलात उतरले. ओळ म्हणायची, वाकून रोप खोवायचं, एक पाऊल मागं सरायचं:

प्रथमा कर्ता, हात रिकामे,
प्रत्ययावाचून करते कामे.
द्वितीया कर्म, स-ला-ते,
चतुर्थी दान, तेच घेते.
तृतीया साधन, ने-ए-शी,
विळा-कोयता तिच्यापाशी.
पंचमी वियोग, ऊन-हून,
घरून निघाली सारे सोडून.
षष्ठी नाते, चा-ची-चे,
घर हे त्याचे, शेत हिचे.
सप्तमी जागा, त-ई-आ,
खाचरात उभी राही बया.
संबोधनाला हाकच हो,
अनेक आले की लावा नो!

तृतीयेच्या आधी चतुर्थी का, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "यमक जुळंना, गप लाव." अनेकवचनाचे ना आणि नी त्यांनी नंतर बांधावर बसवून शिकवले. आवणी संपेस्तोवर विभक्त्या आमच्या हाडात मुरल्या. मास्तरांची कंबर मात्र दिवाळीपर्यंत सरळ झाली नाही.

माघात दिपोटीसाहेब आले. टोपी, उपरणं, चष्मा. आम्ही चौघं ताठ उभे.

"सप्तमीचे प्रत्यय?" त्यांनी मला विचारलं.

डोकं कोरं झालं. गोविंदा छताकडं बघू लागला. कोंडाजीनं उगाच "व्हय साहेब" म्हटलं. साहेबांनी टाक शाईत बुडवला. मास्तरांचा चेहरा मला आजही बघवत नाही. माझा मला इतका राग आला की काय सांगू.

तेवढ्यात हिरी म्हणाली, "सायेब, वाकू का?"

"वाकायचं? का?"

"उभ्यानं याद येत न्हाई. आमी वाकूनच शिकलो."

साहेबांनी होकार दिला की नाही, कुणी पाहिलंच नाही. आम्ही चौघं कमरेत वाकलो आणि सुरू झालो. ओळ, हात जमिनीला, एक पाऊल मागं. द्वितीयेला भिंत आली. हिरी दाराकडं वळली, आम्ही तिच्यामागं. पंचमीला व्हरांडा संपला. षष्ठी पायऱ्यांवर झाली. साहेब वही घेऊन आमच्या तोंडासमोर पुढं पुढं चालत आले.

"थांबा! ‘बैलाला बांधले’, यातलं ‘बैलाला’ कोणती विभक्ती?"

"द्वितीया!" आम्ही वाकूनच ओरडलो.

"‘मुलाला खाऊ दिला’?"

"चतुर्थी!"

"दोन्हीकडं ‘ला’च आहे. कसं ओळखलं?"

हिरीनं एक पाऊल मागं टाकलं. "बैलाला कायबी मिळत न्हाई सायेब, बांधून घेतो नुस्ता. पोराच्या हातात खाऊ पडतो."

"‘कोयत्याने गवत कापले’?"

"तृतीया, साधन!"

"‘झाडावरून आंबा पडला’?"

"पंचमी, वियोग!"

‘नो’ आला तेव्हा आम्ही शाळेशेजारच्या झुंबरबाईंच्या वांग्यांत होतो. त्या खुरपं घेऊन धावत आल्या. "अरं, सायबाला तरी आवरा!" कारण साहेबही वाफ्यात होते, आणि कवनातली शेवटची ओळ स्वतःशीच पुटपुटत थोडे वाकलेही होते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, गोविंदा काहीही म्हणो.

साहेब गेल्यावर मास्तरांनी शेऱ्याची वही उघडली, आणि चाळशी सापडत नाही म्हणून हिरीला वाचायला दिली. चाळशी त्यांच्या नाकावरच होती.

हिरीनं वाचलं, "व्याकरण उत्तम. सातवीचा वर्ग चालू ठेवावा. वर्गखोलीत मागे सरकण्यास जागा अपुरी आहे. व्हरांडा आठ हात वाढवून द्यावा."

मास्तर म्हणाले, "पुन्यांदा वाच. सातवीचं वाक्य." तिनं वाचलं. त्यांनी ते तिच्याकडून पाच वेळा वाचून घेतलं, आणि दर वेळी आम्हां चौघांकडं पाठ फिरवून ऐकलं.