आईचा रिचार्ज कोणी केला?

माझी धाकटी बहीण एका मोबाईल कंपनीच्या गॅलरीत तक्रारीच्या काउंटरवर बसते. एवढंच तिचं काम. पण आमच्या आईला विचाराल तर कंपनीचे टॉवर हीच खांद्यावर घेऊन उभी आहे.

मी मोठी. माझं इस्त्रीचं दुकान आहे. दिवसभर वाफ, बोटांना चटके आणि लोकांच्या शर्टांच्या कॉलरी. तशात रोज दुपारी आईचा फोन येतो. फोन कानाला लावून मी इस्त्री फिरवत राहते आणि तिकडून धाकटीचं पुराण सुरू होतं. धाकटीला साहेबांनी शाबासकी दिली. धाकटी किती गोड बोलते. धाकटीनं घेतलेली चादर बघ किती मऊ. अगं, त्या चादरीला इस्त्री मी करून दिली होती! पण ते कोण बोलणार? मी नुसतं "हं, हं" करते. एकदा त्या रागात एका गिऱ्हाइकाची पँट जाळली होती.

लहानपणापासून हेच. ती रडली की मला धपाटा. ती पास झाली की पेढे आणि मी पास झाले की "हो का, बरं झालं." आमचे हे म्हणतात, "तू इस्त्री कोळशावर नाही, बहिणीवर तापवतेस." म्हणू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

या सगळ्यात मला सलायची ती एक बारीकशी गोष्ट. आई एकटी राहते, तिचा फोन साधा, आणि त्याचा रिचार्ज दर महिन्याला धाकटी करायची. मी कितीदा म्हटलं, मी करते. "नको गं, ती त्यातलीच आहे ना. तू कशाला डोकं लावतेस?" म्हणजे मला काय बटण दाबता येत नाही?

तर गेल्या महिन्यात आईचा फोन आला. "मोठे, माझा प्लॅन आज संपतोय गं. धाकटी ट्रेनिंगला गेलीय बाहेरगावी, तिला कशाला त्रास? तूच कर बाई या वेळी."

तूच कर! मी इस्त्री उभी करून ठेवली, हात पुसले आणि खुर्चीवर बसून फोन हातात घेतला. देवाला नैवेद्य दाखवतात तशी तयारी. फार वर्षांपूर्वी धाकटी आजारी असताना एकदा मी आईचा रिचार्ज केला होता. ॲपमध्ये तो अजून जपून ठेवलेला होता, आईच्या नावासकट. त्याच्यावर बोट ठेवलं, प्लॅन निवडला, पिन टाकला. बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. झालं! मी यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एवढंच असतं होय? याच्यासाठी कंपनीत नोकरी लागते?"

संध्याकाळी मीच आईला फोन लावला, शाबासकी ऐकायला.

"अगं, तुझा फोन येतो, पण माझा कुठे लागतच नाही. बाई बोलते, तुमची सेवा संपली म्हणून."

ॲप उघडलं. आईच्या नावापुढे पिवळं घड्याळ आणि खाली लिहिलेलं, 'प्रक्रियेत आहे'.

"होईल, होईल," मी म्हटलं. "वेळ लागतो."

"धाकटी करते तेव्हा लगेच होतो."

"आई!"

"बरं बाई. नाही झाला तर सांग. शेजारणीच्या फोनवरून धाकटीला कळवते."

"तिला काही कळवायचं नाही!" मी एवढ्या जोरात बोलले की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. आयुष्यात एकदा आईनं स्वतःहून माझ्यावर काम टाकलं आणि त्यात धाकटीनं येऊन हात घालायचा? मेले तरी चालेल. ती दोन दिवसांनी परत येणार होती. त्याआधी तो फोन चालू झालाच पाहिजे, एवढंच मला कळत होतं.

सकाळी बँकेला फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडून पैसे व्यवस्थित गेलेत, ॲपवाल्यांना विचारा. ॲपवाल्यांच्या बाईनं व्यवहाराचा नंबर घेतला आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही कंपनीकडे विनंती पाठवलीय, पण त्यांचं उत्तर आलेलं नाही. होकार आला तर प्लॅन लागेल. नकार आला तर पैसे तुमच्या खात्यात आपोआप परत येतील. थोडं थांबा." थांबा! हिचं काय जातं थांबायला सांगायला? हिची आई थोडीच मुकी होऊन बसलीय?

मग कोपऱ्यावरच्या रिचार्जवाल्याकडे गेले. पैसे काढून ठेवले आणि म्हटलं, आईच्या नंबरवर मार. तो माणूस तसा कुजकट, पण धंद्यात सरळ. "आधीचा अडकलाय का?" त्यानं विचारलं. मी हो म्हणताच त्यानं पैसे माझ्याकडे सरकवले. "मग हात लावू नका. आता मी मारला आणि मागून पहिलाही लागला, तर दुसरा रांगेत बसतो. मग म्हणाल पैसे परत दे, ते काही मिळत नाहीत. कंपनीच्या गॅलरीत जाऊन विचारा. तुमची बहीणच आहे ना तिथं?"

मेल्याला तेही ठाऊक!

पण विचार केला, धाकटी तर गावाला आहे. गॅलरीत दुसरं कोणी तरी असेलच. काम करून घ्यावं आणि गुपचूप परत यावं. दुपारी दुकान यांच्यावर सोपवलं, बरी साडी नेसले आणि निघाले. इतक्या वर्षांत मी तिच्या कामाच्या जागी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तिचा थाट कोण बघणार?

थाट कसला. लांबट खोली, भिंतीवर हसऱ्या लोकांची पोस्टरं आणि खाली न हसणारी माणसं, हातात टोकनची चिठ्ठी घेऊन. मी चिठ्ठी घेतली, मान वर केली आणि तक्रारीच्या काउंटरवर आमची धाकटी! ट्रेनिंग लवकर आटोपलं होतं म्हणे. मी चटकन एका खांबाआड झाले.

तिच्यासमोर एक दांडगा माणूस उभा होता. त्याचंही माझ्यासारखंच. पैसे गेले, प्लॅन दिसेना, म्हणून त्यानं घाईत पुन्हा केला आणि दोन्ही लागले. "एकाचे पैसे परत द्या!" तो काउंटरवर हात आपटत होता.

"साहेब, वाया नाही गेला," धाकटी म्हणाली. "पहिला संपला की दुसरा आपोआप सुरू होईल. पण दोन्ही व्यवस्थित लागलेत, त्यामुळे परत करता येत नाहीत."

"चोर आहात सगळे! तुला काय पगार लोकांना लुटायचा मिळतो का?"

आणखीही बरंच बोलला, ते लिहिण्यासारखं नाही. धाकटी खाली बघत उभी होती, ओठ मिटून, लहानपणी मी तिच्या वाटणीचं खाऊन टाकायचे तेव्हा उभी राहायची तशी. तो गेला. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि पुढचं टोकन पुकारलं. आणखी तीन-चार जण आटोपले आणि मग माझंच टोकन आलं.

"ताई? तू?"

आता काय लपवणार? मी फोन पुढे केला. "आईचा रिचार्ज. पैसे गेले, प्लॅन लागला नाही. तुमच्या कंपनीचा कारभार!"

तिनं आईचा नंबर टाकून पाहिला. कपाळाला आठी घातली. मग माझ्या फोनमधला तो व्यवहार उघडला आणि कपाळावर हात मारला.

"अगं, आमच्याकडे काही आलंच नाहीये. तू जुन्या कंपनीचा रिचार्ज केलास! आईचा नंबर मी इकडे आमच्या कंपनीत आणलाय ना. नंबर तोच, कंपनी बदलली. तुझ्या ॲपनं जुनीच धरून ठेवलीय. आई म्हणाली होती तुला सांगितलं म्हणून."

सांगितलं असेल. 'धाकटीनं माझा नंबर तिच्या कंपनीत घेतला बरं का,' असंच सांगितलं असणार. आणि धाकटीनं असं सुरू झालं की माझे कान मिटतात. इस्त्रीची वाफ तेवढी ऐकू येते.

"मग माझे पैसे?"

"आमच्यापर्यंत पोचलेच नाहीत, तर आम्ही कसे देणार? ॲपमध्ये याच व्यवहारावर तक्रार टाक, नंबर दुसऱ्या कंपनीत आहे असं लिही. जुनी कंपनी नकार देईल आणि ॲपवाले पैसे परत करतील. तो रिचार्ज या नंबरवर लागूच शकत नाही, म्हणून आता आमचा केलास तरी दोनदा होणार नाही. आण, मी करते."

"मी करीन," मी म्हटलं. फोन तिच्या हातातून ओढूनच घेतला.

ती हसली, पण नीट हसली नाही. "कर बाई. तेवढंच होतं माझ्याकडे, तेही घे."

"काय होतं तुझ्याकडे? दिवसभर तुझंच तर कौतुक करते ती!"

"कोणाजवळ? तुझ्याजवळ ना? माझ्याशी कधी बोलते? मला फोन येतो महिन्यातून एकदा, प्लॅन संपत आला की. रिचार्ज झाला की सगळा महिना तुझा. मी लावला तर म्हणते, कामात आहेस, ठेव, मोठीला फोन लावायचाय. म्हणून तर मी कधी लांबचा प्लॅन मारत नाही तिला. वर्षाचा मारला तर वर्षभर आवाज नाही ऐकू यायचा."

खरं सांगू? आधी मला गारगार वाटलं. धाकटी माझ्यावर जळते! एवढी वर्षं मी एकटीच भाजत होते की काय, असं वाटायचं. पण तिचे डोळे बघून ते सुख काही टिकलं नाही. हे डोळे मी दुकानातल्या आरशात रोज बघते.

मी कंपनी बदलली, प्लॅन निवडला, पिन टाकला. या वेळी हिरवी खूण आली. आणि तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. आई.

धाकटी फोनकडे बघत राहिली, मग उगाच कॉम्प्युटरकडे.

"लागला गं लागला!" आई ओरडली. तिचा आवाज बाहेरही ऐकू जात होता. "धाकटी आली वाटतं परत. बघ, आल्याबरोबर केला तिनं. तुझ्याकडनं काही झालं नसतं."

तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे माझे, धावपळ माझी, हिरवी खूण माझी! तोंड उघडलं होतं मी. काउंटरपलीकडे धाकटी मान हलवून खुणावत होती, सांग तिला, तूच केलास म्हणून.

"हो," मी म्हटलं, "तिनंच केला. थांब, ती इथंच आहे, देते तिला."

"अगं नको, ती कामात..."

मी फोन धाकटीच्या कानाला लावला. ती पाठ वळवून बोलत होती आणि मागे रांगेतली माणसं कुरकुरत होती. मी त्यांच्याकडे असं बघितलं की एकानंही पुढे पाऊल टाकलं नाही. पाच-सहा दिवसांनी पहिल्या रिचार्जचे पैसे खात्यात परत आले. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, आणि ती रोज दुपारी फोन करून मला सांगते, त्या दिवशी धाकटीनं कसा चुटकीसरशी रिचार्ज केला ते.