त्रिंबकरावांचा जबाब

आमच्या तहसील कचेरीत त्रिंबकराव बावीस वर्षं जबाब लिहीत होते. निजामाचं राज्य, त्यामुळे माणूस मराठीत बोलायचा आणि कागदावर उर्दू उतरायची. या दोहोंच्या मधे गरिबाचं काय काय गळून पडायचं ते मला विचारा; मी तिथला नक्कलनवीस, प्रत्येक कागदाची दुसरी प्रत माझ्याच हातून व्हायची. त्रिंबकरावांच्या हातून मात्र काही गळलं नाही, की वरून काही मिसळलंही नाही.

बद्रीनाथ त्यांच्या हाताखाली शिकला. अंबाजोगाईहून आलेला, बापाविना वाढलेला. त्रिंबकरावांनी त्याला घरात ठेवून घेतलं, रुक्मिणीबाईंनी सहा वर्षं जेवू घातलं. एकदा सुग्रीव शिपायाची चौकशी निघाली, पहाऱ्यावरून गेल्याची. बद्रीनाथनं लिहिलं, ‘पहारा सोडून पळालो.’ त्रिंबकरावांनी तिथंच त्याची लेखणी धरली.

“पळालो म्हणला का त्यो?”

“न्हाई, गेलतो म्हणला. पण काका, मतलब त्योच की.”

“मतलब साहेब काढतील. कावून गेलता, ते त्याच्याच तोंडून लिही. कबूल केलं, बहाणा केला, असलं आपल्या पदरचं घालू नको. वर बीडला कागद जातो, माणूस जात न्हाई.”

मग चूक खोडून शेजारी सुग्रीवचा अंगठा घेतला, सगळा जबाब त्याला मराठीत वाचून दाखवला आणि शेवटी लिहिलं, ‘ऐकलं, बरोबर आहे.’ एवढ्या सरळ लिहिलेल्या कागदावर सुग्रीवची नोकरी वाचली. त्याची म्हातारी आजारी होती, हे त्या कागदात होतं.

पुढं एका पाटलाच्या वतनाची मिसल, म्हणजे कागदांची फाईल, कचेरीतून नाहीशी झाली आणि संशय खुद्द त्रिंबकरावांवर आला. पाटलाशी संगनमत, अशी कुजबुज. चौकशी तहसीलदारांसमोर, लिहायला बद्रीनाथ. मी जवळच बसलो होतो. त्रिंबकराव सावकाश, लिहिणाऱ्याला सवड देत बोलले, “मिसल मी कपाटातून काढली, मेजावर ठेवली. पेशकारांनी हाक मारली म्हणून आत गेलो. परत आलो तवा मिसल तिथं नव्हती.” पेशकार म्हणजे साहेबांपुढं कागद मांडणारे वरचे कारकून.

“वाचून दाखवू का, काका?” बद्रीनाथनं विचारलं.

“तू लिहिलंस ना? मग काय वाचायचं?” असं म्हणून त्यांनी ‘ऐकलं, बरोबर आहे’ लिहिलं आणि सही केली. बावीस वर्षांत न वाचता झालेली ती एकच सही.

दुसऱ्या दिवशी नक्कल करताना माझा हात थांबला. ‘मिसल बेपर्वाईनं उघडी टाकून गेल्याचं कबूल करतो. पेशकारांनी बोलावल्याचा बहाणा सांगतो.’ अरे, ज्याचं मीठ खाल्लं त्याचाच केसानं गळा कापलास! पण नक्कलनवीसाला काना-मात्राही बदलता येत नाही. मी त्रिंबकरावांना सांगितलं. ते तसेच तहसीलदारांकडे गेले. साहेब म्हणाले, “सही आपलीच ना? वाचून न दाखवलेला जबाब असला, तर ‘ऐकलं’ कोणी लिहिलं?” त्रिंबकराव नमस्कार करून बाहेर आले.

कागद बीडला गेला. महिन्याभरात हुकूम आला, बडतर्फ. कपिलधारच्या यात्रेच्या सुमारास मिसल सापडली, पेशकारांच्याच बस्त्यात, दुसऱ्या कागदांत गुंडाळलेली. आम्हाला वाटलं, आता सुटले. वरून उत्तर आलं की मिसल मिळाली हे ठीक, पण बेपर्वाई तर अहलकारानं, म्हणजे कारकुनानं, स्वतः कबूल केली आहे. हुकूम कायम राहिला. मला इतका संताप आला की दोन दिवस मी बद्रीनाथच्या शेजारी बसलो नाही.

शेवटी मीच त्याला ओढत त्रिंबकरावांच्या घरी नेलं. रुक्मिणीबाई दारातून आत निघून गेल्या. पाणीसुद्धा विचारलं नाही.

“काका, तुमच्या बाजूनं लिहिलं असं लोक म्हणले असते,” तो रडत म्हणाला. “गुरूला वाचवलं म्हणून माझीबी चौकशी लागली असती. म्हणून जरा कडक लिहिलं.”

“बाजू कुणी मागितली होती तुला?” त्रिंबकरावांचा आवाज चढला नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. “बरं, मी त्या दिवशी काय सांगितलं, ते सांग.”

बद्रीनाथनं मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. कपाटातून काढली, मेजावर ठेवली, पेशकारांनी हाक मारली, परत आलो तवा नव्हती. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

“लई चांगलं ध्यानात हाय तुझ्या,” त्रिंबकराव म्हणाले. “एवढंच लिहायचं होतं.”