मराठीत सांगितलेला करार

इंदिरानगरातले उपेंद्रराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण त्यांचं इंग्रजी काही निवृत्त झालं नाही. वरचा फ्लॅट भाड्याने देताना करार इंग्रजीतच हवा. एजंटाच्या लॅपटॉपात जुना मसुदा तयारच असे. नाव बदलायचं, नोंदणीच्या यंत्रावर अंगठे द्यायचे, चहा प्यायचा. तो मसुदा आजवर एकाही भाडेकरूने वाचला नव्हता, आणि खरं सांगायचं तर उपेंद्ररावांनीही नाही.

ललिता मात्र म्हणाली, "काका, मला कायद्याचं इंग्रजी कळत नाय. एकेक अट मराठीत सांगता का?" हरसूलची ललिता एसटीत क्लार्क होती. म्हाताऱ्या आईला कायमचं सोबत आणायचं, म्हणून तर तिने हे घर पसंत केलं होतं.

उपेंद्रराव खुलले. चष्मा पुसून त्यांनी सुरुवात केली, आणि पहिल्याच पानावर अडखळले. इंग्रजीत माणसाला वाटेल ते लिहिता येतं. मराठीत समोरच्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. 'मालक न विचारता केव्हाही घरात शिरेल' हे कागदावर केवढं भारदस्त दिसत होतं! पण समोर लेकीच्या वयाची मुलगी, तिने आणलेले पेढे टीपॉयवर. "म्हणजे, गळतीबिळती असली तर येईन हो, बेल वाजवून," ते म्हणाले. भाडं थकल्यास सामान बाहेर काढण्याची अट त्यांनी "वेळेवर दिलेलं बरं" एवढ्यावर उरकली. मराठीत हा माणूस अगदी देवमाणूस होता.

पुढची अट अशी, की ललिताशिवाय घरात कोणीही राहायचं नाही.

"आई राहिली तर चालेल ना?" तिने विचारलं.

"अगं, आईला कोण नाही म्हणेल?"

तिचा चेहरा फुलला. तिने यंत्राकडे हात नेला. कागदात तसं नाही हे उपेंद्ररावांना दिसत होतं, पण खरं सांगावं तर अब्रू जाते, म्हणून ते गप्प बसले. लाज वाटावी असंच ते गप्प बसणं होतं.

करारावर दोन साक्षीदार लागतात. एक एजंटाने आणलेला, दुसऱ्या उपेंद्ररावांच्या पत्नी कुसुमताई. त्या म्हणाल्या, "थांब गं. अहो, आता बोललात ते त्यात लिहिलंय का?"

"आशय तोच आहे."

"मी आशयाला साक्ष देत नाही, कागदाला देते. लिहिलं नसेल तर माझा अंगठा मिळणार नाही."

"अंगठे व्हायच्या आधी बदलता येतं, सर," एजंट हळूच म्हणाला. "नंतर अवघड."

उपेंद्ररावांनी मान डोलावली. एजंटाने अट बदलली, आईचं नाव घातलं आणि मराठीत वाचून दाखवलं. ललिताने ते नीट ऐकलं. मग तिने यंत्र हलकेच बाजूला सरकवलं.

"काका, आता बाकीच्या अटी पुन्हा पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "पण लिहिल्यात तशा."