पालकांच्या ग्रुपवरचा निरोप

दिवाळी झाली की शिरूर कासारमधल्या माझ्या नववीच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईबाप ऊसतोडीला जातात. मुलं आजीपाशी राहतात आणि आम्हा शिक्षकांच्या जिवाला घोर लागतो.

त्या वर्षी एका पोराचं बिनसलं होतं. गणितात सगळ्यांच्या पुढे असणारा तो आता बाकावर पेंगायचा. जुने मित्र तोडून मोठ्या पोरांच्या टोळक्यात फिरायचा. अंगाला आंब्याच्या गोळीसारखा गोड वास यायचा. मला वाटलं, अत्तर असेल.

त्याच टोळक्यातल्या एकाचा फोन मी वर्गात काढून घेतला, तर पडद्यावर निरोप: ‘पेन चार्ज कर, बटन मी आणतो.’ शाळेत माहिती द्यायला आलेल्या हवालदारांनी उलगडून सांगितलं. पेन किंवा पॉड म्हणजे वाफ ओढायचं यंत्र. गोड वास त्याचाच. बटन म्हणजे झोपेच्या गोळ्या. माल किंवा नुसतं हिरव्या पानाचं चित्र म्हणजे गांजा. चपटी म्हणजे दारूची छोटी बाटली. “शब्द गल्लीगल्लीत बदलतात,” ते म्हणाले. “एका शब्दावरून पोराला चोर ठरवू नका. झोप, संगत, वास, सगळं मिळून बघा.”

मी हे सगळं नीट टाईप करून पालकांच्या ग्रुपवर टाकलं. त्या पोराच्या आईला वेगळा निरोपही पाठवला: त्याच्याशी बोला, रागवू नका, विचारा. लगेच उत्तर आलं, ‘बरं मॅडम. लक्ष ठेवते.’ ऊस तोडता तोडता बाई एवढं बघते, याचं मला कौतुक वाटलं.

पुढच्याच आठवड्यात तो बाकावर झोपला तो उठेचना. हाका मारल्या, हलवलं. डोळे अर्धे उघडून परत मिटले. श्वास संथ चालला होता. आम्ही त्याला कुशीवर वळवलं, शेजारच्या वर्गावरच्या सरांनी गाडी काढली. तशातच मी त्याच्या आईचा नंबर लावला.

फोन बाकाखाली, त्याच्याच दप्तरात वाजला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, काय घेतलंय, सोबत दारू होती का. त्याच्या मित्राने रडत सांगितलं, बटन आणि चपटी. दोन्ही मिळून श्वासच मंदावतो, डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी तो शुद्धीवर आला.

ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या फोनवर आई भेटली. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ रडली, मग म्हणाली, “मॅडम, फोन त्याच्याकडंच ठिवलाय मी. आमचं बोलनं व्हावं म्हनून. मला वाचाया येत न्हाई. ग्रुपवर काय आलं म्हनून मुकादमाच्या फोनवरनं मी त्यालाच इचारते.”

“मग माझ्या निरोपाचं काय सांगितलं त्यानं?”

“म्हनला, मॅडमनी लिवलंय, तुमचा पोरगा लई शहाना हाय.”