साडेनऊचा शिक्का

परीक्षा विभागात खिडकी क्रमांक चारच्या आत टक्केबाई एकवीस वर्षं बसत होत्या. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण पोरं त्यांना टक्केबाईच म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. श्रेणीपत्रक घेऊन यायचं, अर्ज द्यायचा, आणि चार दिवसांनी टक्केवारीचा दाखला न्यायचा. श्रेणीतून टक्के काढून देणं हे त्यांचं काम, आणि त्यात आपला हात कुणी धरू शकत नाही असा त्यांचा पक्का समज होता.

समज खोटा नव्हता. सहा सत्रांची बेरीज करून सहानं भागणाऱ्या पोरांना त्या खिडकीतूनच झापत. "अरे, जड सत्र आणि हलकं सत्र एकाच मापानं मोजतोस होय? प्रत्येक सत्राचा गुणांक त्याच्या श्रेयांकांनी, म्हणजे क्रेडिटनी, गुण, सगळं मिळव, मग एकूण श्रेयांकांनी भाग. तेव्हा कुठे सीजीपीए निघतो." पोरगं मान डोलवायचं आणि बाहेर जाऊन पुन्हा सहानंच भागायचं.

टेबलावर दोन शिक्के होते. लाल मुठीच्या शिक्क्यावर जुनं सूत्र: सीजीपीएमधून अर्धा वजा करा, दहानं गुणा. निळ्या मुठीच्या शिक्क्यावर नवं: सीजीपीए गुणिले साडेनऊ. दोन का, असं कुणी विचारलं की बाईंना बरं वाटे. जुन्या पद्धतीत सत्तर ते एकोणऐंशी गुण पडले की आठ, ऐंशी ते एकोणनव्वद पडले की नऊ. एकदा आठ लिहिले की मुलाला एकाहत्तर होते की अठ्ठ्याहत्तर हे त्या आकड्यातून कुणाला सांगता येत नाही. म्हणून मधला, पंचाहत्तर, धरायचा. पुढे विद्यापीठानं श्रेणींचे टप्पे बदलले, समितीनं पहिल्या आलेल्यांचे खरे गुण त्यांच्या गुणांकाशी ताडून पाहिले आणि साडेनऊ ठरवले. शेजारच्या विद्यापीठाचे टप्पे तिसरेच, त्यांचं सूत्रही तिसरं. "टक्के हा अंदाज असतो," बाई म्हणत, "फक्त कुणाचा अंदाज चालतो ते आधी बघायचं."

कुणाला कुठला शिक्का, हे मुलानं प्रवेश कधी घेतला त्यावर ठरतं. जुन्या पद्धतीत शिरला तो शेवटपर्यंत जुन्यातच.

पहिलं पत्र एका कारखान्याकडून आलं. अगदी सभ्य पत्र होतं. एकाच वर्षी प्रवेश घेतलेले दोन उमेदवार, दोघांचा सीजीपीए ७.८०, मग एकाचे टक्के ७३ आणि दुसऱ्याचे ७४.१० कसे, एवढंच विचारलं होतं.

बाईंनी नोंदवही काढली. दुसऱ्या मुलानं मध्ये एक वर्ष गमावलं होतं आणि तो नव्या पद्धतीच्या मुलांबरोबर उत्तीर्ण झाला होता. शेवटच्या श्रेणीपत्रकावर ठळक छापलेलं असतं ते उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. प्रवेशाचं वर्ष नोंदणी क्रमांकाच्या पहिल्या दोन आकड्यांत लपलेलं. गर्दीच्या दिवसांत बाईंचा डोळा ठळक वर्षाकडे गेला होता आणि हात निळ्या मुठीकडे. हे त्या एका मुलाबाबत झालं असेल, तर आणखी किती जणांबाबत झालं असेल?

त्या दिवशी डबा उघडला गेला नाही. दोन वर्षांच्या नोंदी त्यांनी बोट ठेवून ठेवून पाहिल्या आणि कागदावर क्रमांक आणि नावं लिहीत गेल्या. तीस भरले. हुशार मुलांचं फारसं बिघडलं नव्हतं. सीजीपीए दहा असला तर दोन्ही शिक्के पंच्याण्णवच देतात, नऊला अर्ध्या टक्क्याचा फरक. जसजसं खाली यावं तसतसा निळा शिक्का जास्त उदार होत जातो. म्हणजे चूक नेमकी काठावरच्या मुलांना वर ओढत गेली होती, आणि वर ओढला गेलेला कशाला तक्रार करेल?

त्या कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तो वाचला आणि उलटा करून ठेवला.

"ज्याची विचारणा येईल त्याचं खरं काय ते कळवा," ते म्हणाले. "बाकीच्यांचं आत्ताच उकरू नका. वरच्यांशी बोलतो मी."

"विचारणा येत राहणार, साहेब."

"येतील तेव्हा बघू."

बाई जागेवर आल्या. तिसाव्या क्रमांकाचं नाव त्यांनी कागदावर लिहिलंच नव्हतं. ते त्यांच्या भाचीचं होतं.

बहीण गेल्यावर ही पोर त्यांच्याच घरी वाढली. दुसऱ्या वर्षाला असताना फुप्फुसात पाणी झालं आणि अख्खं वर्ष दवाखान्यात गेलं. खाटेशेजारच्या स्टुलावर बाई बसलेल्या असत. बरी झाली, नेटानं शिकली, आणि दाखल्यासाठी मावशीच्या खिडकीसमोर इतरांसारखी रांगेत उभी राहिली. मावशीनंच सांगितलं होतं, आपल्याकडे वशिला चालत नाही म्हणून. आता ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. नोकरीची अट होती किमान साठ टक्के. येत्या महिन्यात तिला कायम करणार होते.

पुढचे आठ दिवस टपाल आलं की बाई हातातलं काम बाजूला ठेवत. शिपाई गठ्ठा टेबलावर टाकायचा आणि त्या वरून खालपर्यंत पाकिटांचे कोपरे बघायच्या. बँक, एक शाळा, परदेशातलं एक विद्यापीठ. घरी भाची आनंदात होती. "कायम करण्याआधी सगळ्यांचे दाखले पडताळायला पाठवतात गं," ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "तुझ्याकडेच येईल माझा. लवकर पाठव हं." बाई हो म्हणाल्या.

नवव्या दिवशी ते पाकीट आलं. आत भाचीच्या दाखल्याची प्रत, खाली निळा शिक्का आणि बाईंची सही. सदर टक्केवारी बरोबर आहे काय, हो किंवा नाही.

त्यांनी पहिल्यापासून गणित मांडलं. मांडून आकडा बदलणार नव्हता, तरी मांडलं. वीस श्रेयांकांची दोन सत्रं, ६.१० आणि ५.८०. बावीसची दोन, दोन्ही ६.५०. चोवीसची दोन, ६.७५ आणि ७.००. गुणाकारांची बेरीज ८५४, श्रेयांक १३२, सीजीपीए ६.४७. निळ्या शिक्क्यानं ६१.४७. लाल शिक्क्यानं ५९.७०.

नुसतं 'हो' लिहिलं असतं तर? प्रयोगशाळेला काय कळणार होतं? पण त्याच टेबलावरून तीन दिवसांपूर्वी एका अनोळखी मुलाचं 'नाही' गेलं होतं. त्याच्याही घरी कुणीतरी पोळ्या लाटत असेल. बाईंना स्वतःची चीड आली, आणि भीतीही वाटली, कारण 'हो' लिहायला हात खरोखर शिवशिवत होता.

त्यांनी 'नाही' लिहिलं. सुधारित टक्केवारी ५९.७०, चूक या कार्यालयाची, उमेदवाराची नाही, असं स्पष्ट लिहून सही केली. साहेबांकडे न जाता पाकीट स्वतः टपालात टाकलं, आणि त्याच पावली घरी येऊन भाचीला सगळं सांगितलं.

भाचीनं कपाटातून आपला दाखला काढला आणि निळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं.

"बाकीच्यांचं वर्ष गेलेलं तुला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "माझं तर होतं ना, मावशी? तू शेजारीच बसली होतीस."

भाचीनं दाखल्याची घडी केली, तो त्यांच्या हातात दिला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खिडकी वेळेवर उघडली. शिपायानं टपाल आणून ठेवलं. सर्वांत वर प्रयोगशाळेचंच आणखी एक पाकीट होतं, कालचं उत्तर पोचण्याआधीच निघालेलं, आणि हाताला बरंच जाड लागत होतं; कायम करायच्या बाकीच्यांचे दाखले.