बस्त्यातलं जॅकेट

माझे आप्पा दुकानात शिरले की दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळतं. कुरुंदवाडात त्यांचा गुळाचा व्यापार. ढेप फोडून आतला रंग बघितल्याशिवाय त्यांनी कधी गूळ घेतला नाही, आणि उलटं केल्याशिवाय कधी कापड घेतलं नाही. मी शाळेत असताना एकदा त्यांनी माझ्या स्वेटरसाठी दुकानातले सगळे स्वेटर उलटे करून ठेवले होते. निघताना दुकानदार म्हणाला, "पावणं, आता घडी बी घालून जावा की." आप्पांनी घातलीही.

त्यामुळे माझ्या लग्नाचा बस्ता ठरला तेव्हा माझी झोप उडाली. बस्ता म्हणजे दोन्ही घरच्यांनी एकत्र बसून लग्नाचे कपडे घ्यायचे. कुणी काय घेतलं, कुणाचं तोंड कधी वाकडं झालं, याच्या गोष्टी पुढं वीस वर्षं सांगितल्या जातात. त्यातून नवरा मुलगा चंदगडचा, जनावरांचा डॉक्टर. त्याने आधीच सांगितलं होतं, "आमच्याकडनं सूट हायच. तुम्हाला काय द्यायचंच असंल तर एक जॅकेट आणि बूट द्या. पहाटे गाडीवरनं फिरावं लागतंय." आता जावयाला द्यायची वस्तू आप्पा त्याच्या आईसमोर ओढून, ताणून, वाकवून बघणार! चिक्कू माणसं आहेत असं त्यांना वाटलं असतं, आणि सासरी माझं पाऊल पडायच्या आधी माझं नाव पडलं असतं.

आदल्या दिवशी मी आप्पांना शपथ घातली. "कशाला हात लावायचा न्हाई."

"बघायचं तरी का न्हाई?"

"बघा. पण डोळ्यानं."

आईने त्यावर आणखी पक्का बंदोबस्त केला. कोल्हापुरात साड्यांची खरेदी आटोपली तशी तिने सगळ्या पिशव्या आप्पांच्या दोन्ही हातांत दिल्या. "जड हायत, तुम्हीच धरा," असं म्हणाली आणि माझ्याकडं बघून गालात हसली. राजारामपुरीतल्या जॅकेट-बुटांच्या दुकानात आप्पा शिरले ते लग्नाच्या वऱ्हाडातल्या हमालासारखे.

दुकानातल्या पोऱ्याने नव्हे, खुद्द मालकानेच एक काळंभोर चकचकीत जॅकेट काढलं. मुलाने ते अंगात घातलं, आरशात पाहिलं, आणि त्याची आई म्हणाली, "शोभतंय की!" मालक म्हणाला, "एकदम कडक माल हाय." आप्पा छताचा पंखा बघत होते. बिचाऱ्यांची मला दया आली, पण शपथ म्हणजे शपथ.

मग मुलाने गाडीचं हँडल धरल्यासारखे दोन्ही हात पुढं केले. पाठीत एक आडवी सुरकुती ताणून उभी राहिली. आतलं अस्तर आखूड होतं. बाहेरचं कापड वाकायला तयार आणि अस्तर त्याला मागं ओढत होतं. मी स्वतःला म्हटलं, गप्प बस. मग माझी नजर काखेकडं गेली. तिथल्या शिवणीतून एक दोरा लोंबत होता. मी पुन्हा म्हटलं, गप्प बस. आणि तेवढ्यात माझे हात पुढं झालेसुद्धा.

"जरा काढा बघू ते," मी म्हणाले.

खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजू धरून मी हलकेच ओढल्या. कापडाच्या मधून टाके दात विचकल्यासारखे दिसले. जॅकेट उलटं केलं. पाठीच्या मधोमध अस्तराला हालचालीसाठी जी सैल चुणी ठेवतात, ती नव्हतीच. चेन निम्मी लावून दोन्ही बाजू ताणल्या, तर पकड सुटून चेन सरसर खाली आली. हे सगळं मी कुठं शिकले ते सांगायला नको. वाण नाही पण गुण लागतो म्हणतात. मला दोन्ही लागले होते.

आईने डोळे मिटून घेतले. आप्पा माझ्याकडं असे बघत होते की जणू मी बोर्डात आले आहे.

"दुसरं दाखवा," मी मालकाला म्हणाले, कारण आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता.

दुसरं आलं. तेवढं दिसायला देखणं नव्हतं, मळकट हिरव्या रंगाचं. पण शिवण ओढली तरी टाके दिसेनात, खिशांच्या कोपऱ्यांना जादा टाके घातलेले, अस्तर ऐसपैस. चेन वरखाली करून पाहिली. कुठं अडली नाही, आतली पट्टीही तिच्यात सापडली नाही, आणि निम्मी लावून ताणली तरी जागची हलली नाही. मुलाने हात पुढं केले, मागं केले, वर केले. मग मालकाने टेबलावर मांडलेल्या बुटांतला एक उचलून तो आप्पांकडं गेला.

"मामा, बूट तुम्ही बघा. मला त्यातलं कळत न्हाई."

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठून त्यांच्या हातातल्या पिशव्या घेतल्या.

मग काय विचारता! पहिला बूट त्यांनी वाकवला, तो मधोमध, तळव्याच्या खोलगट भागात दुमडला. "बोटं जिथं वाकत्यात तिथं बूट वाकाय पायजे," म्हणून बाजूला ठेवला. दुसरा वाकला बरोबर जागी, पण वाकवल्यावर तळ आणि वरचं चामडं यांच्यामध्ये फट पडली. तिसरा वाकला, फट पडली नाही. टाचेचा मागचा भाग अंगठ्याने दाबला, तो घट्ट होता. आत हात घालून कुठं शिवण टोचते का ते चाचपलं, दोन्ही बूट सपाट टेबलावर ठेवून डुगडुगतात का पाहिलं आणि जावयाला म्हणाले, "आता दोन्ही पायात घाला आणि फिरा. एका पायावर कुणी चालत न्हाई."

मुलाची आई एवढा वेळ नुसती बघत होती. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "व्याहीबुवा, लेक काय, बाप काय, आख्खं घरच पारखी हाय म्हणायचं! मग आमचं पोरगं कसं काय पास झालं?"

सगळे हसले. आप्पा हसले नाहीत.

"त्याला बी बघून आलतो की," ते म्हणाले.

"कधी?"

"पावसाळ्यात. घरात सांगितलं आजऱ्याला काजू बघाय जातोय म्हणून, आणि एस.टी.नं चंदगडला गेलतो. दवाखान्यासमोर चहा पीत बसलो. धो धो पाऊस. एका म्हातारीचं नुकतं जन्मलेलं रेडकू थंडीनं कुडकुडत होतं. ह्यांनी अंगातलं जाकीट काढलं, त्याच्यावर घातलं आणि सोता भिजत गेले. ते जाकीट काय परत आलं नसंल."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "न्हाई आलं," तो पुटपुटला.

"मग झालं की," आप्पा म्हणाले. "हे बी कुणाच्या तरी अंगावर जाणार. म्हणून म्हटलं, घ्यायचं तर टिकणारं घ्यायचं."

यातलं एक अक्षर त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि प्रेमही तितकंच वाटलं. हिरव्या जॅकेटची तीच शिवण मी पुन्हा ओढून बघत बसले, कारण डोळे भरून आले होते आणि कुठंतरी खाली बघायला हवं होतं.